शेकडा, पण कशाचा? शेकडेवारी आणि गुणोत्तराची वर्कशीट सोडवताना

(हे या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्यात, गणितं तीच आहेत. वही-पेन घेऊन वाचलंत तर बरं.)

मागे बारीक खटखट ऐकू येत असेल, ती रेकॉर्डिंगमधली गडबड नाही. भिवंडीत राहतो, गल्लीच्या टोकाला यंत्रमाग आहेत. खिडकी बंद केली तरी तेवढा आवाज येतोच.

आजचा विषय शेकडेवारी आणि गुणोत्तर. भरतीची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांनी हा भाग मागितला होता, पण मी तो करतोय माझ्या मामेभावामुळे. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. सकाळी मैदान, रात्री अभ्यासिका. मी इंजिनिअर म्हणून गणिताचं खातं माझ्याकडे. मी त्याला २०-२० प्रश्नांच्या वर्कशीट काढून देतो आणि रविवारी तपासतो.

महिनाभर झाला तरी गाडी १२ वर अडलेली. २० पैकी १२. कधी ११, कधी १३. तो म्हणायचा, "दादा, अजून ट्रिक दे." मीही देत राहिलो. मग एका रविवारी मी त्याची बरोबर उत्तरं मोजायचं सोडलं आणि चुकलेली आठ समोर मांडली. एक गुणाकारात गेलं होतं. एकात प्रश्न नीट वाचला नव्हता. उरलेली सहाच्या सहा एकाच कारणाने चुकली होती: त्याने शेकडा काढला होता बरोबर, पण भलत्याच रकमेचा.

म्हणजे पोराला ट्रिक कमी पडत नव्हत्या. "टक्के" हा शब्द दिसला की हात चालू व्हायचा आणि "कशाचे टक्के?" हा प्रश्न राहून जायचा. आजचा सगळा भाग या एका प्रश्नावर आहे.

"पेक्षा" शब्दाकडे बघा

मराठीत प्रश्न असला की एक सोय आहे. पाया कोणता, हे वाक्यातच लिहिलेलं असतं. "अ चा पगार ब पेक्षा २५% ने जास्त आहे" या वाक्यात "पेक्षा" ब ला लागलाय. म्हणून ब हा पाया, ब म्हणजे १००. पुढे विचारतात, "तर ब चा पगार अ पेक्षा किती टक्क्यांनी कमी?" आता "पेक्षा" अ कडे गेला. पाया बदलला. फरक तोच आहे, पण तो आता मोठ्या रकमेशी ताडून बघायचाय, म्हणून टक्के कमी येणार. २५ हे उत्तर असूच शकत नाही, आणि पर्यायांत २५ हमखास असतं.

"पेक्षा" नसेल तिथे "च्या" बघा: "एकूण विद्यार्थ्यांच्या ४०%", "उत्पन्नाच्या १५%". दोन्ही नसतील, नुसतं "दर २५% ने वाढला" असेल, तर पाया म्हणजे वाढण्याआधीचा दर. आणि नफा-तोट्याच्या गणितात पाया ठरलेला असतो: नफा किंवा तोटा शेकडा म्हटलं की तो खरेदी किमतीवर, सूट म्हटली की ती छापील किमतीवर. वेगळं काही हवं असेल तर प्रश्नात तसं सांगतात. व्याजाच्या गणितातलं "द.सा.द.शे." आठवा, दर साल दर शेकडा. तिथेही दर शंभर मुद्दलावर, हे गृहीतच आहे.

टक्के सोडा, हिस्से धरा

पाया सापडला की पुढची रीत सोपी. टक्क्यांचा अपूर्णांक करायचा आणि अपूर्णांकाचे हिस्से.

२५% म्हणजे १/४. पाया ४ हिस्से धरा. २५% वाढला म्हणजे ४ चे ५ झाले. झालं, पगाराचं गणित सुटलं: ब ४ हिस्से, अ ५ हिस्से. ब हा अ पेक्षा १ हिस्सा कमी, आणि पाया आता अ, म्हणजे ५. ५ पैकी १, म्हणजे २०%. कुठेही १०० आणलं नाही, एकही गुणाकार केला नाही.

याच सवयीने बघा: २०% वाढ म्हणजे ५ चे ६. साडेबारा टक्के वाढ म्हणजे ८ चे ९. १६ पूर्णांक २/३ टक्के घट म्हणजे ६ चे ५. १/२ पासून १/१२ पर्यंतच्या अपूर्णांकांचे टक्के पाठ असले की परीक्षेतली बरीचशी गणितं "अमक्याचे तमके झाले" एवढीच उरतात. शेकडेवारी आणि गुणोत्तर हे पुस्तकात दोन धडे असतात, पण गणित एकच आहे. ५:६ लिहा नाहीतर २०% वाढ म्हणा.

६२५ की ६२४?

हे भिवंडीचं गणित आहे. मागावरून निघालेलं कोरं कापड, ज्याला इथे सगळे ग्रे म्हणतात, ते पुढे धुलाई-रंगाईला जातं. तिथे कापड आटतं. किती आटेल ते कापडावर अवलंबून असतं. वर्कशीटसाठी मी ४% धरलं होतं. प्रश्न असा:

"प्रक्रियेत कापड ४% आटते. ६०० मीटर तयार कापड मिळण्यासाठी किती मीटर ग्रे कापड पाठवावे लागेल?" पर्याय: ५७६, ६२४, ६२५, ६४०.

मामेभावाने ६२४ वर खूण केली. ६०० चे ४% म्हणजे २४, ते मिळवले. दिसायला अगदी साफ. पण आटतं कोण? ग्रे. म्हणजे ४% ग्रेच्या पायावर आहेत, आणि ६०० हा पाया नाही, ते आटून उरलेलं कापड आहे. ४% म्हणजे १/२५. ग्रे २५ हिस्से, तयार २४ हिस्से. २४ हिस्से म्हणजे ६०० मीटर, एक हिस्सा २५ मीटर, तर २५ हिस्से म्हणजे ६२५.

उलटं तपासा: ६२४ मीटर पाठवलं तर त्याचे ४% म्हणजे २४.९६ मीटर आटेल आणि हातात ५९९.०४ येईल. जवळजवळ एक मीटर कमी. ऑर्डर मोठी असली की हाच एक मीटर वाढत जातो. तो यावर म्हणाला, "दादा, पप्पा तर हे तोंडी करतात." बरोबर आहे. त्याच्या पप्पांना टक्के आधी दिसत नाहीत, आधी कापड दिसतं. कोण आटलं ते माहीत असतं.

इथे मी एक गोष्ट उघड करतो. वर्कशीटमधले चुकीचे पर्याय मी उगाच टाकत नाही. प्रत्येक पर्याय एका ठराविक चुकीचं उत्तर असतो. ६२४ म्हणजे पाया चुकला. ५७६ म्हणजे वाढवायच्या ऐवजी घटवलं. ६४० म्हणजे अंदाजाने ठोकलं. चांगल्या प्रश्नपत्रिकांतही असंच असतं. म्हणून आपलं उत्तर पर्यायांत सापडलं याचा अर्थ ते बरोबर आहे असा होत नाही. तुमची चूक पेपर काढणाऱ्याने आधीच करून बघितलेली असते.

एकापाठोपाठ एक बदल

"व्यापाऱ्याने खरेदी किमतीपेक्षा ४०% जास्त किंमत छापली आणि २५% सूट दिली. शेकडा नफा किती?"

घाईत उत्तर येतं १५. चाळीसातून पंचवीस गेले. पण ४०% खरेदीवर आहेत आणि २५% छापील किमतीवर. पाया दोन, म्हणून थेट वजाबाकी चालत नाही. एका मीटरच्या आणि एका वाराच्या पट्टीची मापं आपण सरळ वजा करत नाही, तसंच.

हिस्से: ४०% म्हणजे २/५, तर ५ चे ७ झाले. २५% सूट म्हणजे ४ चे ३. आता वरचे वर, खालचे खाली गुणा: ५ × ४ = २० ही खरेदी, ७ × ३ = २१ ही विक्री. २० वर १ नफा, म्हणजे ५%.

यालाच क्लासमध्ये सूत्र शिकवतात: अ + ब + (अ × ब)/१००, सूट असेल तर ब उणे. ४० − २५ − १० = ५. उत्तर तेच. मग कोणतं वापरायचं? अपूर्णांक सरळ असतील तर हिस्से, आणि बदल तीन-चार असले तरी हिस्सेच, कारण साखळी लांबवता येते. १७% आणि १३% असले आडवेतिडवे आकडे आले तर हिस्से १०० चे ११७ होतात, त्यात काही फायदा नाही. तिथे सूत्र: १७ + १३ + २.२१ = ३२.२१. रीत झटपट आहे की नाही हे आकडे ठरवतात, आपली आवड नाही.

दोन गट, एक सरासरी

"अभ्यासिकेत मुलगे व मुली यांचे प्रमाण ३:२ आहे. ६०% मुलगे आणि ७५% मुली उत्तीर्ण झाल्या. एकूण किती टक्के उत्तीर्ण?"

इथे ६७.५ हे उत्तर डोळ्यांसमोर नाचतं, ६० आणि ७५ ची सरासरी. ती चालली असती, पण मुलगे आणि मुली सारखेच असते तर. ६०% "मुलग्यांचे" आहेत, ७५% "मुलींचे", आणि विचारलंय "एकूण"चे. तीन पाया आहेत. मुलगे ३ हिस्से, मुली २. ३ × ६० = १८०, २ × ७५ = १५०, बेरीज ३३०, हिस्से ५, उत्तर ६६%.

पटकन पडताळा: मुलगे जास्त आहेत, म्हणून उत्तर ६७.५ पेक्षा ६० कडे थोडं झुकलेलं असलं पाहिजे. झुकलंय. पर्यायांत ६७.५ च्या वरचं काही असेल तर ते न सोडवता खोडता येतं.

हेच गणित उलटं विचारतात: एकूण ६६% उत्तीर्ण आहेत, तर मुलगे व मुलींचं प्रमाण काय? तेव्हा अंतरं काढा. ६६ पासून ७५ चं अंतर ९, ६० चं अंतर ६. आता ती अदलाबदल करून लिहा: मुलगे : मुली = ९ : ६ = ३ : २. अदलाबदल का? कारण सरासरी ज्या गटाच्या जवळ सरकते तो गट मोठा असतो. ज्याचं अंतर कमी, त्याची संख्या जास्त. कारण लक्षात असलं की परीक्षेत "उलटं की सुलटं" म्हणून थांबावं लागत नाही.

१:१० म्हणजे १०% का?

पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात किमान ५०% मिळवणाऱ्यांमधून प्रत्येक प्रवर्गात जागांच्या १:१० प्रमाणात उमेदवार लेखीला बोलावतात. समजा एका प्रवर्गात १२ जागा आहेत, तर लेखीला साधारण १२०. मी मामेभावाला विचारलं, "हॉलमध्ये निवड होणारे आणि न होणारे यांचं प्रमाण काय?" तो म्हणाला, "१:१०, अजून काय."

नाही. १:१० हे जागा आणि बोलावलेले यांचं आहे, म्हणजे भाग आणि एकूण यांचं. १२० मधून १२ निवडले की उरतात १०८. निवडलेले आणि न निवडलेले यांचं प्रमाण १:९. आणि १२ हे १२० च्या १०%. प्रश्नात १:१० हे दोन भागांचं प्रमाण असतं, तर एकूण हिस्से ११ झाले असते आणि टक्के ९ पूर्णांक १/११. गुणोत्तर वाचताना दुसरी संख्या उरलेल्यांची आहे की सगळ्यांची, हे आधी ठरवायचं. हाही "कशाचा?" हाच प्रश्न, फक्त कपडे बदलून आलेला.

हे ऐकून तो जरा गप्प झाला. शेजारच्या दहा खुर्च्यांपैकी एक, हे त्याला तेव्हा दिसलं असावं. मग म्हणाला, "पुढचं दे."

हिस्सा कधी बदलतो?

आता हिस्स्यांच्या रीतीची मर्यादा. गुणिले-भागिले केलं तर हिस्से टिकतात, पण ठोक संख्या मिळवली की जुन्या आणि नव्या गुणोत्तरातला एक हिस्सा सारखा राहीलच असं नाही.

"दोन भावांच्या वयांचे गुणोत्तर ५:३ आहे. ६ वर्षांनी ते ३:२ होईल. आजची वये किती?"

इथे काय न बदलणारं आहे ते शोधा. दोघांच्या वयातलं अंतर. आधी ते ५ − ३ = २ हिस्से, नंतर ३ − २ = १ हिस्सा. अंतर तर तेच आहे, म्हणजे हिस्स्यांची मापं वेगळी. मग दुसरं गुणोत्तर दुप्पट करा: ६:४. आता दोन्हीकडे अंतर २. मोठा ५ चा ६ झाला, धाकटा ३ चा ४ झाला. वाढलेला एक हिस्सा म्हणजे ६ वर्षं. वयं ३० आणि १८. सहा वर्षांनी ३६ आणि २४, म्हणजे ३:२. जमलं.

माप सारखं न करता पुढे गेलात की काय होतं? थोरला ५ वरून ३ वर आलेला दिसतो, म्हणजे वय घटलं! असं काही अशक्य दिसलं की थांबा, हिस्सा बदललाय. दुसरी खूण: माणसांच्या संख्येत अर्धा माणूस आला तर कुठेतरी चुकलंय. गुणोत्तर ७:५ असेल तर एकूण संख्या १२ ने भागलीच पाहिजे. १३०, १४४, १५०, १६० असे पर्याय असतील तर १४४ सोडून बाकीचे तिथेच बाद.

वर्कशीटमध्ये मी काय बदललं

त्या रविवारनंतर मी प्रश्न तेच ठेवले, कागद बदलला. प्रत्येक प्रश्नाखाली, पर्यायांच्या आधी, दोन रिकाम्या चौकटी. पहिलीत लिहायचं "कशाचे?", दुसरीत "जुने : नवे". कापडाच्या गणितात पहिलीत "ग्रे", दुसरीत "२५ : २४". चौकटी भरल्याशिवाय पर्याय बघायचे नाहीत. उत्तरसूचीत बरोबर पर्यायासोबत, कोणता चुकीचा पर्याय कोणत्या चुकीमुळे येतो, तेही छापलं.

पहिल्या आठवड्यात वेळ वाढला. लेखीत १०० प्रश्नांना ९० मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद, आणि त्याला सव्वा मिनिट लागत होतं. तो वैतागला, चौकटी भरायचं सोडू म्हणाला. मी म्हटलं, तीन आठवडे दे. दुसऱ्या आठवड्यात १५ आले. तिसऱ्यात १६, आणि वेळ परत मिनिटाच्या आत आला, कारण चौकट आता डोक्यात भरली जायची. चार अजूनही चुकले. त्यातलं पायाचं एकच, बाकी आकडेमोड. आकडेमोडीला सराव हाच उपाय आहे, त्यावर या भागात माझ्याकडे काही नाही.

जाता जाता चार प्रश्न. चौकटी आखून सोडवा.

१. अ चे उत्पन्न ब पेक्षा ३३ पूर्णांक १/३ टक्क्यांनी जास्त आहे. ब चे उत्पन्न अ पेक्षा किती टक्क्यांनी कमी?

२. तांदूळ निवडताना १०% घट येते. ४५ किलो निवडलेला तांदूळ हवा, तर किती किलो घ्यावा?

३. मुलगे व मुली २:३. १०% मुलगे आणि २०% मुली गैरहजर. एकूण किती टक्के हजर?

४. खरेदीपेक्षा २५% जास्त किंमत छापून २०% सूट दिली. नफा की तोटा, किती?

उत्तरं: २५%, ५० किलो, ८४%, ना नफा ना तोटा. दुसऱ्यात साडेएकोणपन्नास, तिसऱ्यात ८५ किंवा चौथ्यात ५% नफा आला असेल, तर पुन्हा सोडवण्याआधी पहिली चौकट बघा. तिथे काय लिहिलंय, की ती रिकामीच आहे?

भेटू पुढच्या भागात, काळ-काम-वेग घेऊन. माग चालूच आहेत, मी थांबतो.